मायचे पाय तेवढे ठेवले

प्रदक्षिणा कशी घालावी, कोणत्या दिशेनं, किती आणि कशासाठी, हे दाखवणारा दहा-बारा मिनिटांचा एक लघुपट सत्तरच्या दशकात आमच्या गावात तयार झाला. आता अशी माहिती मोबाइलवर दोन मिनिटांत मिळते. भाचा परवा मला तसाच एक व्हिडिओ दाखवत होता. त्यातलं सगळं बरोबर होतं, तरी मी तो पुरता पाहू शकलो नाही. भाच्याला वाटलं, मला कंटाळा आला.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावपासून पायी तासाभरावर. मी तिथल्याच शाळेत मास्तर होतो आणि माझा दोस्तही तिथंच मास्तर होता. तो गावातल्या मोठ्या शेतकरी घरातला, मी बौद्ध वस्तीतला. पहिलीपासून आम्ही एका शाळेत शिकलो, हिंगोलीला एका खोलीत राहिलो, एका वर्षी नोकरीला लागलो. तो आमच्या घरी येऊन चुलीपुढं बसून जेवायचा. माझ्या आईला तोही माझ्यासारखाच माय म्हणायचा. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. त्याच्या घरचे त्यावरून त्याला बोलायचे, तो हसून सोडून द्यायचा. मला त्याचा अभिमान होता.

गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडं, एक जुना पिंपळ होता. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला आमची वस्ती. झाडाला दगडी पार होता आणि बुंध्याशी शेंदूर लावलेला मारुती. शनिवारी गावातल्या बाया तिथं पाणी घालायला यायच्या. शनिवारीच पिंपळाला शिवायचं, त्या दिवशी झाडात लक्ष्मी असते, बाकीच्या दिवशी लांबूनच हात जोडायचे, असं त्या मानायच्या. आमच्या वस्तीतले लोक वैशाखी पौर्णिमेला मेणबत्त्या आणि फुलं घेऊन त्याच झाडाशी जायचे. आमच्यासाठी तो बोधिवृक्ष होता. दोघांच्या वेळा वेगळ्या होत्या, त्यामुळं कधी तंटा झाला नाही.

पुण्याहून एक दिग्दर्शक आले ते मार्गशीर्षात. त्यांना शाळांमधून दाखवण्यासाठी हा लघुपट करायचा होता. बरोबर एक कॅमेरावाला होता. त्यांचा कॅमेरा किल्ली देऊन चालायचा आणि चालू झाला की शिवणयंत्रासारखा घरघरायचा. आवाज त्यात येत नव्हता. आधी नुसती चित्रं घ्यायची आणि नंतर पुण्यात त्यावर बोलणं भरायचं. रीळ महाग, म्हणून प्रत्येक गोष्टीची आधी तालीम व्हायची. त्यांची सगळी सोय लावायचं काम दोस्तानं अंगावर घेतलं आणि बोलणं लिहायचं काम आम्हा दोघांवर आलं.

आठवडाभर शाळा सुटल्यावर आम्ही व्हरांड्यात बसून लिहीत होतो. गावातल्या पुजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, प्रदक्षिणा म्हणजे देवाला उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती फिरायचं. देवासमोर उभं राहून हात जोडायचे, आपल्या डाव्या बाजूनं निघायचं, की देव आपोआप उजवीकडं राहतो. फिरणं घड्याळाच्या काट्यासारखं होतं. प्रत्येक फेरी पुरी झाली की समोर क्षणभर थांबून नमस्कार, मगच पुढची फेरी. चालायचं ते सावकाश. दिवस भरलेली बाई डोक्यावर तेलानं काठोकाठ भरलेली घागर घेऊन कशी जाईल, तसं. हात जोडलेले, तोंडानं नामस्मरण, आणि दुसऱ्या कुणाशी बोलणं नाही.

संख्येवरून मात्र वाद झाला. पुजारी म्हणाले, देवीला एक, गणपतीला तीन, विष्णूला चार, सूर्याला सात. दोस्ताचे वडील तिथंच होते. ते म्हणाले, "आमच्या घरात गणपतीला एकच घालत्यात. तीन कुठून काढल्या?" शेवटी आम्ही लिहिलं की घराण्याप्रमाणं आणि गावाप्रमाणं आकडा बदलतो. पिंपळाला कुणी सात घालतं, कुणी अकरा, नवस असला तर एकशे आठ.

महादेवाचं वेगळं. पिंडीवरचं पाणी शाळुंखेच्या ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नाही. समोरून निघून पन्हळीपर्यंत जायचं, तिथून मागं फिरायचं, आलेल्या वाटेनंच उलटं जाऊन पन्हळीच्या दुसऱ्या काठाला पोचायचं आणि पुन्हा माघारी समोर यायचं. म्हणून तिला अर्धी प्रदक्षिणा म्हणतात. पुजाऱ्यांनी ती स्वतः फिरून दाखवली आणि कॅमेऱ्यासमोर एका दमात बिनचूक केली.

बौद्ध लोकांचा भाग मी लिहिला. दिशा तीच, उजवा खांदा झाडाकडं. पालीत तिला पदक्खिणा म्हणतात. फेऱ्या तीन: एक बुद्धाची, एक धम्माची, एक संघाची. मागणं काही नसतं, नवस नसतो. ज्यानं मार्ग दाखवला त्याला मान द्यायचा, एवढाच अर्थ. मी एक वाक्य लिहिलं होतं: "ज्याचा मान राखायचा त्याला उजव्या हाताला ठेवून माणूस चालतो, कारण उजवा हात देण्याचा हात आहे." दोस्तानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, "हे सगळ्यात भारी झालंय. हे मी असं म्हणीन की, लोकं ऐकत राहतील." बोलण्याला आवाज त्याचाच द्यायचं ठरलं होतं. त्याचा आवाज खणखणीत होता.

दिग्दर्शकांना हा भाग फार आवडला. एकाच झाडाभोवती दोन रीतींचे लोक एकाच दिशेनं फिरतात, हेच मला दाखवायचंय, असं ते म्हणाले. बौद्ध बाईचं चित्र घ्यायचं तर कुणाचं, असा प्रश्न आला तेव्हा दोस्तच म्हणाला, "माय आहे की आपली. तिच्यासारखं चालणारं गावात कुणी न्हाई."

मायनं आधी नाही म्हटलं. माझे वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ती चार लोकांत जात नव्हती. दोस्त तिच्यापुढं बसला.

"माय, तू आली न्हाई तर मी पन आवाज देत न्हाई."

"काहून रे असा हट्ट करून राहिला? माझं तोंड काय बघायसारखं हाय?"

"बघायसारखं हाय म्हणूनच म्हणतो ना."

ती हसली. वडील गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तिनं पांढरं लुगडं धुऊन, घडी घालून उशाखाली ठेवलं.

चित्रीकरणाच्या सकाळी एक अडचण आली. समोरून पाहिलं तर झाडाच्या अलीकडून माय उजवीकडून डावीकडं जात होती आणि तेव्हा ऊन तिच्या पाठीवर पडून तोंड काळं दिसत होतं. दिग्दर्शक म्हणाले, "बाईंना उलट्या बाजूनं फिरायला सांगा. तोंडावर ऊन येईल. कुणाला कळतंय?"

मी काही बोलायच्या आत दोस्त पुढं झाला. "न्हाई साहेब. उलटं मयतीत फिरत्यात. मडकं घेऊन. जितेपणी माणूस झाडाला उलटा फिरत न्हाई, ना आमच्यात ना ह्यांच्यात. तुमचा कॅमेरा हलवा."

दिग्दर्शकांनी कॅमेरा हलवला. आधी तो झाडाच्या दुसऱ्या अंगाला नेला, मग कॅमेरावाला जवळच्या खळ्यातल्या मचाणावर चढला आणि वरून सगळी फेरी घेतली. शेवटी पारावर पोटावर पडून त्यानं मायचे नुसते पाय घेतले. माय तीनदा फिरली. दर फेरीला समोर थांबून हात जोडत होती, ओठ हलत होते. डाव्या पायाची करंगळी तिची वाकडी होती, बैलाचा पाय पडलेला. उजव्या घोट्यावर लहानपणी गोंदलेली तुळस होती. कॅमेरावाला उठून म्हणाला, "काय चालतात बाई! एक पाऊल चुकलं नाही." माय लाजली. दोस्तानं तिला हाताला धरून पारावरून उतरवलं.

माघात दोस्त आवाज द्यायला पुण्याला गेला. चार-पाच दिवसांनी परत आला. मी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, "मस्त झालं. उन्हाळ्यात दाखवायला आणणार हायेत." मी विचारलं, मायचं कसं दिसतंय? तो म्हणाला, "दिसंल की. बघशील." आणि हजेरीपट काढून बसला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर तो आमच्या घरी येईनासा झाला. कधी शेतात काम, कधी पाहुणे. माय विचारायची, "पोरगं काहून येत न्हाई रे?" मी म्हणायचो, कामात आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दिग्दर्शकांचे लोक पडदा, यंत्र आणि वीज करायचं इंजिन घेऊन आले. शाळेच्या पटांगणात दिवेलागणीला सगळं गाव जमलं. आमच्या वस्तीतल्या बाया आल्या होत्या. माय तेच पांढरं लुगडं नेसून त्यांच्यात बसली होती. शेजारणी तिची थट्टा करत होत्या. मी तिच्यामागंच उभा होतो. दोस्त पडद्याजवळ सरपंचांच्या बाजूला खुर्चीवर होता.

पडद्यावर आधी गावातलं मारुतीचं देऊळ आलं आणि दोस्ताचा आवाज घुमला. बाया आपापल्या ओळखीची माणसं दिसली की ओरडत होत्या. महादेवाच्या देवळात पुजारी पन्हळीपर्यंत जाऊन मागं फिरले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग पिंपळ आला. गावातल्या बाया शनिवारचं पाणी घालताना दिसल्या. त्या फिरू लागल्या, आणि मग पडद्यावर नुसते पाय आले. सावकाश पडणारे दोन पाय. वाकडी करंगळी, घोट्यावरची तुळस.

त्या पायांवर दोस्ताचा आवाज आला: "सौभाग्य अखंड राहावं म्हणून सुवासिनी पिंपळाला सात प्रदक्षिणा घालतात. ज्याचा मान राखायचा त्याला उजव्या हाताला ठेवून माणूस चालतो, कारण उजवा हात देण्याचा हात आहे."

मग पडद्यावर गणपतीचं देऊळ आलं.

मी वाट पाहत राहिलो. मायचं तोंड आता येईल, मग येईल. बुद्ध, धम्म, संघ, तो शब्द पदक्खिणा, काहीच आलं नाही. पडदा पांढरा झाला आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. मायच्या शेजारची बाई तिला म्हणाली, "ते पाय तर तुझे होते गं. करंगळी बघ की." मायनं लुगड्याचा काठ ओढून पाय झाकून घेतले.

मी पडद्याकडं पाहिलं तेव्हा दोस्त सरपंचांशी बोलत होता. त्यानं आमच्या बाजूला एकदाही मान वळवली नाही. तेव्हा मला कळलं की त्याला हे माघापासून माहीत आहे. पुण्याच्या त्या बंद खोलीत समोर पडद्यावर ते पाय चालत असताना तो सुवासिनी म्हणाला होता. ते पाय कुणाचे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मायच्या चुलीपुढं तो जेवला होता, माझ्या बापाच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता.

घरी आल्यावर माय दारातच बसली आणि मला म्हणाली, "मी चुकीची फिरले का रे?"

"न्हाई माय."

"मंग माझं तोंड काहून काढून टाकलं? उलटी फिरले आसंल. न्हाईतर फेऱ्या कमी पडल्या आसतील. तीनच घातल्या मी."

"तीनच घालायच्या असत्यात. तू बराबर फिरली."

"मंग?"

ती म्हणाली, "आन् सुवासिनी कोन? मला म्हणला का त्यो? तुझा बाप जाऊन चौथं वरीस लागलं. जोडवी उतरवली ती ह्याच पायातून." मग ती रडली. बापाच्या वेळी रडली नव्हती एवढी.

दुसऱ्या दिवशी मी दोस्ताच्या शेतात गेलो. तो विहिरीजवळच्या हौदाशी बैलांना पाणी दाखवत होता. मला पाहूनही त्यानं कासरा सोडला नाही.

मी विचारलं, "कुणी काढलं?"

"पंचांनी फिल्लम आधी बघितली. सरपंचाच्या वाड्यात, रातचं, गुपचूप. दिग्दर्शक घेऊन आले होते, माघाच्या आधी. पंच म्हणले, हे देवाचं आहे, त्यात ते कशाला. ते ठेवलं तर मारुतीचं आन् महादेवाचं देऊळ दाखवायला परवानगी देत न्हाई. दिग्दर्शक म्हणले, मग फिल्लमच राहत न्हाई."

"तू काय म्हणला?"

तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. "मला विचारलं. मी म्हणलं, काढा."

"मला सांगितलं न्हाईस."

"तू ऐकलं असतंस? तकलीफ झाली असती सगळ्यांनाच. माझा बाप त्या पंचांत बसलेला. मी एकला काय करणार?" मग माझ्याकडं बघत, समजूत घालावी तसं म्हणाला, "पन पाय तरी ठेवायला लावले मी. दिग्दर्शक म्हणत होते, तेबी काढतो. मी म्हणलं, न्हाई, पाय राहू द्या. मायचं काहीतरी राहावं म्हणून."

हे त्यानं खरंच मनापासून सांगितलं. आपण मायसाठी काहीतरी वाचवलं, असं त्याला वाटत होतं. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. उन्हासाठी त्यानं मायला उलटं फिरू दिलं नव्हतं, दिग्दर्शकांना तोंडावर नाही म्हणाला होता. तेवढा नियम त्याला मोडवला नाही. मी बांधावरून परत आलो.

त्यानंतर आम्ही दोन वर्षं एकाच शाळेत होतो. एका टेबलावर वह्या तपासल्या. आमच्यात हजेरी, खडू आणि साहेबांची तपासणी एवढंच बोलणं उरलं. गावात कुणी मला काही विचारलं नाही. वस्तीत मात्र विचारलं. म्हातारे म्हणाले, "तू लिहून दिलं आन् त्यांनी आपल्याला काढून टाकलं, आसं कसं रे?" जणू मीच विकून आलो होतो. वैशाखी पौर्णिमेला आम्ही त्या पिंपळाकडं गेलोच नाही. कुणी मनाई केली नव्हती. माय म्हणाली, "मी न्हाई येनार," आणि मग दुसरं कुणीच निघालं नाही. वस्तीतल्या विहारासमोर लोकांनी पिंपळाचं एक लहान रोप लावलं. ते हातभरही नव्हतं, त्याला कुंपण घालून लोक त्याच्याभोवती फिरायचे.

दोस्ताची बदली कुरुंद्याकडं झाली. तिकडं त्याची सासुरवाड होती. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात आला. मी आत होतो, बाहेर आलो नाही. मायनं त्याला बस म्हटलं, पाणी दिलं, चहा ठेवला. तो बाजेच्या टोकावर बसला. मायनं विचारलं.

"माझ्या तोंडात काय वाईट होतं रे?"

तो म्हणाला, "माय, मला माफ कर."

"माफी नगं मागू. मी इचारलं तेवढं सांग. माझं तोंड बघायसारखं हाय म्हणला होतास तू. ह्याच घरात. मंग काय वाईट झालं त्याला?"

मी आतून ऐकत होतो. त्यानं चहा प्यायला की नाही, मला दिसलं नाही. मग त्याच्या चपला वाजल्या आणि दार लागलं.

मायनं बशी धुतली. आत येऊन मला म्हणाली, "तू काहून भाएर आला न्हाईस?"

"मला बोलायचं न्हाई त्याच्याशी."

"मला तरी कुठं बोलायचं होतं," ती म्हणाली. "पन इचारायचं होतं."

पुढं माझीही बदली झाली, पुसेगावच्या बाजूला. एका पावसाळ्यात तो लघुपट त्या शाळेत दाखवायला आला. मुख्याध्यापकांनी मला आधी दोन शब्द बोलायला सांगितलं, कारण तो आमच्या गावचा आहे हे त्यांना कळलं होतं. मी उभा राहिलो. दिशा सांगितली, महादेवाची अर्धी प्रदक्षिणा सांगितली, आकड्यांतला फरक सांगितला. मग म्हणालो, "पिंपळाभोवती जे पाय दिसतील ते माझ्या आईचे आहेत. ती सात नाही, तीन फेऱ्या घालत होती. तेव्हा ती विधवा होती आणि बौद्ध होती. बोलण्यात चुकीचं सांगितलंय." मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. पोरं माझ्याकडं पाहत होती. खिडक्यांना लावलेली पोती सारखी करून यंत्रवाल्यानं रीळ सुरू केलं.

मायला मी हे घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याचा आवाज हाय का आजून त्यात?"

मी म्हणालो, "आहे."

"आसंल," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली.

दोस्त आता हयात नाही. त्याच्या पोरानं फोन केला होता, मी गेलो नाही. मायनं त्याला माफ केलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. मी केलेलं नाही. पिंपळाभोवतीच्या त्या सकाळी तो तिला हाताला धरून उतरवत होता, तेव्हाचा त्याचा चेहरा आठवला की मात्र मला त्याच्यावर पुरतं रागावताही येत नाही, आणि तेच मला जास्त सलतं.